करप्याची बुरशी कोणती? पानातून ताटलीत, ताटलीतून पुन्हा पानावर

टोमॅटोच्या करपलेल्या पानाचा तुकडा जेलीसारख्या गोठलेल्या आगरच्या ताटलीवर ठेवला की तीन-चार दिवसांत त्याच्याभोवती काही ना काही उगवतंच. पावसाळ्यात, कोल्हापूरच्या दमट हवेत तर हमखास. बहुतेक वेळा आधी दिसते ती हिरवट-काळी, मखमली बुरशी. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे तपकिरी बीजाणू साखळीत ओवलेले दिसतात, पुस्तकातल्या ‘अल्टरनेरिया’च्या चित्राशी ते जुळतात आणि विद्यार्थी वहीत लिहून मोकळा होतो: करप्याचं कारण सापडलं. खरं तर त्याला एवढंच सापडलेलं असतं, की त्या तुकड्यात ही बुरशी जिवंत होती. तिनेच डाग पाडला, की दुसऱ्या कुणी पाडलेल्या डागावर ती मागाहून येऊन राहिली, हे नुसती ताटली सांगू शकत नाही.

टोमॅटोच्या लवकर येणाऱ्या करप्यात हा प्रश्न विशेष अवघड होतो, कारण एकाच डागात अल्टरनेरियाच्या दोन जाती सापडू शकतात. एक लहान बीजाणूंची, अल्टरनेरिया अल्टरनेटा. ही हवेत, मातीत, वाळल्या काडीकचऱ्यावर, पिकून पिवळ्या पडलेल्या कुठल्याही पानावर असते. निरोगी हिरव्या पानाच्या आतही ती काही त्रास न देता राहिलेली सापडते. दुसरी मोठ्या बीजाणूंची. पुस्तकांत तिला अल्टरनेरिया सोलानी म्हटलेलं आढळेल, आता टोमॅटोवरच्या बऱ्याच नमुन्यांना अल्टरनेरिया लिनारिई म्हणतात. करप्याचा ठपका बहुधा या दुसरीवर येतो, पण ताटलीत आधी पसरते पहिली. म्हणून ताटलीतून काढलेली बुरशी पुन्हा निरोगी झाडावर सोडून तोच रोग येतो का, हे पाहावं लागतं. त्या कामातली खरी मेहनत आणि खऱ्या खाचाखोचा याच भागात आहेत.

सुरुवात पानापासून करू. शिरोळ तालुक्यातले एक शेतकरी पाला घेऊन आले होते. “मॅडम, तीन औषधं मारली, करपा काय हटंना,” असं म्हणत त्यांनी प्लॅस्टिकची गाठ मारलेली पिशवी टेबलावर ठेवली. आत पानांना घाम फुटला होता आणि डागांवर पांढरा कापूस दिसत होता. हा कापूस म्हणजे रोग नव्हे. बंद पिशवीतल्या ओलाव्यावर वाढलेल्या ऐऱ्यागैऱ्या बुरशा. “मामा, पुढच्या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, आणि पार वाळलेली पानं नकोत, डाग नुकताच वाढायला लागलेली आणा,” असं सांगितलं. नमुन्यासाठी मधल्या थरातली पानं चांगली. तळाची पानं करप्याने सर्वात आधी जातात खरी, पण तीच सर्वात जुनी असल्यामुळे त्यांच्यावर पाहुण्यांची गर्दीही जास्त असते.

दुसऱ्या खेपेला आलेल्या पानांवर डाग स्पष्ट होते. तपकिरी, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर, आत झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसतात तशी एकात एक वलयं आणि भोवती पिवळी कडा. हे वर्णन लिहून ठेवणं म्हणजे वेळकाढूपणा नाही. शेवटी कृत्रिमरीत्या आणलेला रोग याच वर्णनाशी ताडून पाहायचा असतो. ‘पानावर डाग’ एवढंच लिहिलं तर पुढे पोटॅशच्या कमतरतेने करपलेली कडाही त्यात बसेल आणि जिवाणूंचे बारीक काळे ठिपकेही बसतील.

ताटलीला हात लावण्याआधी एक सोपं काम करून घ्यावं. डाग असलेलं पान ओल्या कागदावर झाकून एक दिवस ठेवायचं आणि डागावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचेच्या स्लाईडवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. आमच्या पानांवर दोन्ही प्रकारचे बीजाणू होते. लहान बीजाणू साधारण २० ते ५० मायक्रॉनचे, आखूड चोचीचे आणि साखळीत. मोठे एकेकटे, लांबच लांब शेपटीसारखी चोच असलेले, चोचीसकट १५० ते ३०० मायक्रॉन. म्हणजे ताटलीत काय शोधायचं आहे ते आधीच कळलं. हे पाहिलं नसतं, तर ताटलीत जे आधी उगवलं त्यावरच विश्वास बसला असता.

आता तुकडे कापायचे. डागाच्या मधोमध नाही, तर जिथे तपकिरी संपून हिरवं सुरू होतं त्या सीमेवर, तीन ते पाच मिलिमीटरचे, अर्धे डागातले आणि अर्धे निरोगी. डागाचा मधला भाग मेलेला असतो. तिथे रोगाची बुरशी जुनी होऊन मंदावलेली असते आणि मेल्यावर जगणाऱ्या बुरशांनी घर केलेलं असतं. रोग पुढे सरकत असतो तो सीमेवर. तिथे जिवंत पेशींमध्ये शिरू शकणारी बुरशी आघाडीवर असण्याची शक्यता जास्त.

कापलेल्या तुकड्यांची पृष्ठभागावरची घाण मारायची, पण आतली बुरशी जिवंत ठेवायची. टोमॅटोच्या पानावर लव असते आणि लवेत हवेचे बुडबुडे अडकतात, त्यामुळे ब्लीचचं पाणी पानाला नीट लागत नाही. म्हणून आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुचकळायचं, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा ते एक मिनिट, आणि मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवायचं. बाजारात ४ टक्क्यांचं हायपोक्लोराइट मिळतं. त्याचा एक भाग आणि पाणी तीन भाग घेतलं की काम होतं. मात्र बाटली महिनोन्‌महिने उघडी राहिलेली असेल तर तिच्यातला जोर गेलेला असतो, आणि मग ताटल्यांत जिवाणूंची चिकट साय आणि बाहेरच्या बुरशा माजतात. उलट चूकही होते. उसाच्या जाड पानाला चालणारा वेळ टोमॅटोच्या पातळ पानाला दिला तर आतली बुरशीही मरते आणि तुकडे आठवडाभर स्वच्छ, पांढरे पडून राहतात. काहीच उगवलं नाही याचा अर्थ ‘बुरशीजन्य रोग नाही’ असा काढण्याआधी वेळ कमी करून पुन्हा लावून पाहायला हवं.

धुलाई नीट झाली का, हे तपासायची एक साधी रीत आहे. धुतलेला तुकडा एका वेगळ्या ताटलीच्या आगरवर हलकेच दाबायचा आणि उचलून घ्यायचा. त्या ठशावर चार दिवसांत काही उगवलं, तर पृष्ठभागावरचे बीजाणू जिवंत राहिले आहेत. ठसा स्वच्छ राहिला आणि तुकड्यातून बुरशी निघाली, तर ती पानाच्या आतून आली असं म्हणता येतं. पुष्कळ प्रयोगशाळांत हा ठसा कुणी घेत नाही. मला ते पटत नाही, कारण एका जादा ताटलीत पुढची सगळी शंका मिटते.

ज्या आगरवर हे सगळं होतं ते माध्यम स्वयंपाकघरात करता येईल इतकं साधं आहे. सोलून चिरलेले २०० ग्रॅम बटाटे पाण्यात शिजवून त्यांचं पाणी गाळून घ्यायचं, त्यात २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम आगर घालून एकूण एक लिटर करायचं. आगर म्हणजे किराणा दुकानात मिळणारं चायना ग्रास, समुद्री शेवाळातून काढलेलं. प्रयोगशाळेत ते शुद्ध केलेल्या पुडीच्या रूपात येतं, एवढाच फरक. मग १२१ अंश सेल्सिअसला, म्हणजे चौरस इंचाला १५ पौंड दाबाखाली, १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करायचं. पन्नास अंशांच्या आसपास उतरलं की ताटल्यांत ओतायचं. फार गरम ओतलं तर झाकणाला आतून पाणी साचतं, ते थेंब खाली पडतात आणि एका ताटलीतल्या चार बुरशांची खिचडी होते. जिवाणू रोखण्यासाठी क्लोरॅम्फेनिकॉल आधीच घातलं तरी चालतं, ते उष्णता सोसतं. स्ट्रेप्टोमायसिन मात्र माध्यम निवल्यावरच घालायचं. काहीजण लॅक्टिक आम्ल घालून माध्यम आंबट करतात, तेही ओतण्याच्या आधीच. आम्ल घालून ऑटोक्लेव्ह केलं तर आगर नीट गोठतच नाही.

बटाटा आणि आगर यांची जोडी योगायोगाने जमलेली नाही. जर्मनीत रॉबर्ट कॉख जिवाणू वेगळे करायला सुरुवातीला उकडलेल्या बटाट्याच्या कापा वापरत असत. मग त्यांनी जिलेटिन घेतलं, पण ते उन्हाळ्याच्या उष्म्यात पातळ व्हायचं आणि काही जिवाणू तर ते खाऊनच टाकायचे. १८८१ मध्ये कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी आगर सुचवलं. त्या स्वयंपाकात जेली करायला आगर वापरत असत आणि ती जेली उन्हाळ्यातही वितळत नसे. आगर एकदा गोठलं की पुन्हा पातळ व्हायला ८५ अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि फारच थोडे सूक्ष्मजीव ते पचवू शकतात. झाकणाची उथळ काचेची ताटली १८८७ मध्ये कॉख यांचे सहकारी रिचर्ड पेट्री यांनी आणली. कोल्हापुरात ऐन मे महिन्यात जिलेटिनवर बुरशी वाढवायची वेळ आली असती तर आमचं काय झालं असतं, हा विचार न केलेलाच बरा.

तुकडे निर्जंतुक टिपकागदावर कोरडे करून एका ताटलीत चार-पाच, एकमेकांपासून लांब ठेवायचे. हे काम स्पिरिटच्या दिव्याजवळ आणि पंखा बंद करून. वाढीला २५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. पावसाळ्यात कोल्हापूरच्या खोलीत ते आपोआपच असतं, उबवणी पेटी चालू करावीच लागत नाही.

समजा एकूण वीस तुकडे लावले. दुसऱ्या दिवशी काही तुकड्यांना बारीक पांढरी मिशी फुटते. जर एखाद्यातून एका दिवसात ताटलीभर राखाडी कापूस पसरला आणि त्यावर काळे टोपीदार ठिपके आले, तर तो ऱ्हायझोपस आहे, शिळ्या भाकरीवरचा. ती ताटली उघडूही नये, बांधून बाहेर काढावी. चौथ्या दिवसापर्यंत बऱ्याच तुकड्यांभोवती हिरवट-काळी मखमल दिसते. ही लहान बीजाणूंची अल्टरनेटा. काही थोड्या तुकड्यांभोवती मात्र करड्या रंगाची, सावकाश पसरणारी वाढ असते, आणि ताटली उलटी करून पाहिली तर खालच्या आगरमध्ये पिवळट-तांबूस रंग उतरलेला दिसतो. ही आपली संशयित. तिच्यावर बीजाणू जवळजवळ नसतातच, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली नुसते तंतू दिसतात आणि घाईतला माणूस ‘निर्बीज बुरशी’ म्हणून ती फेकून देतो. वीसपैकी किती तुकड्यांतून कोण निघालं, हे मोजून लिहायचंच. पण जी जास्त वेळा निघाली तीच रोगकारक, असा कौल त्या आकड्यातून लावायचा नाही.

दोन्ही बुरशा आता शुद्ध करायच्या. वाढीच्या कडेचा बारीक तुकडा नव्या ताटलीत हलवला म्हणजे शुद्ध झाली, असं नाही. दोन बुरशांचे तंतू एकमेकांत गुंतून येऊ शकतात. खात्रीचा मार्ग एका बीजाणूपासून वाढवण्याचा आहे. बीजाणू पाण्यात मिसळून इतके विरळ करायचे, की नुसत्या पाण्याच्या २ टक्के आगरवर पसरल्यावर ते एकमेकांपासून दूर पडतील. रात्रभर ठेवलं की सकाळी कमी वर्धनाच्या भिंगातून अंकुर फुटलेले बीजाणू दिसतात. त्यातला एकटा पडलेला बीजाणू आगरच्या चिमुकल्या ठोकळ्यासकट उचलायचा आणि नव्या ताटलीवर ठेवायचा. साध्या पाण्याचं आगर मुद्दाम घ्यायचं, कारण तिथे खायला काही नसल्याने वाढ विरळ राहते आणि एकटा बीजाणू नजरेला सापडतो.

इथे मोठ्या बीजाणूंची बुरशी अडून बसते. बीजाणूच देत नाही तर एक बीजाणू वेगळा करणार कुठून? तिला थोडं दुखवावं लागतं. सात ते दहा दिवसांची वाढ निर्जंतुक ब्रशने आणि थोड्या पाण्याने खरवडून वरचे तंतू मोडून काढायचे, पाणी ओतून टाकायचं आणि ताटलीचं झाकण किंचित कलतं ठेवून पृष्ठभाग सुकू द्यायचा. मग दिवसा खिडकीजवळचा उजेड आणि रात्री थंड अंधार. उजेडात बीजाणू धरणारे देठ उभे राहतात आणि अंधारात, गारव्यात त्यांच्या टोकाला बीजाणू येतात. रात्रंदिवस ट्यूबलाईटखाली ठेवलेल्या ताटल्यांत देठ भरपूर आणि बीजाणू शून्य असं दिसतं, त्याचं कारण हेच.

आता मूळ प्रश्न. १८८० च्या दशकात कॉख आणि त्यांचे सहकारी फ्रीडरिष लोफलर यांनी ज्या अटी मांडल्या, त्या वनस्पतींच्या रोगांना जवळजवळ जशाच्या तशा लागू होतात. रोगट झाडात तो जीव दर वेळी सापडला पाहिजे. तो झाडाबाहेर शुद्ध वाढवता आला पाहिजे. शुद्ध वाढीतून निरोगी झाडावर सोडल्यावर तोच रोग आला पाहिजे. आणि त्या नव्या डागातून तोच जीव पुन्हा निघाला पाहिजे. पहिल्या दोन अटी इथवर झाल्या. मात्र त्या अटी दोन्ही अल्टरनेरिया पूर्ण करतात! फरक पडणार तो तिसरीत.

त्यासाठी टोमॅटोची रोपं कुंडीत वाढवायची, शेतात होता त्याच वाणाची, चार ते सहा आठवड्यांची. कुंडीतली माती वाफवलेली हवी, आणि रोपं रोगट शेतापासून लांब, कारण आधीच लागण झालेलं रोप घेतलं तर पुढचं सगळं वाया. तीन गट करायचे. एकावर मोठ्या बीजाणूंचं पाणी, दुसऱ्यावर लहान बीजाणूंचं, तिसऱ्यावर नुसतं निर्जंतुक पाणी. तिन्हींत ट्वीन-२० या साबणी द्रव्याचा अगदी थोडा अंश, म्हणजे पानाच्या मेणावर पाणी थेंब होऊन ओघळणार नाही. तिसऱ्या गटातही तो घालायचाच, नाहीतर डाग साबणाने पडला की बुरशीने, हे कळणार नाही.

दोन्ही बुरशांचे बीजाणू सारख्या संख्येने फवारले नाहीत तर तुलना फुकट जाते. ते मोजायला रक्तपेशी मोजण्याचीच काचेची स्लाईड वापरतात. तिच्यावर कोरलेला मोठा चौकोन १ मिलिमीटर लांब-रुंद आणि वरच्या काचेपर्यंत ०.१ मिलिमीटर खोल असतो. म्हणजे त्यात ०.१ घन मिलिमीटर पाणी मावतं, आणि असे १०,००० चौकोन म्हणजे एक मिलिलिटर. समजा नऊ चौकोनांत मिळून १८ बीजाणू दिसले. सरासरी दोन, म्हणजे मिलिलिटरला २०,०००. आपल्याला १०,००० हवेत, तर तेवढंच पाणी आणखी मिसळायचं. मोठे बीजाणू जड असतात आणि भराभर तळाला बसतात, म्हणून प्रत्येक वेळी हलवून थेंब घ्यायचा. न हलवता घेतला तर एकदा दोन दिसतील आणि एकदा वीस.

फवारणी संध्याकाळी करायची आणि प्रत्येक रोपावर आतून पाणी शिंपडलेली प्लॅस्टिकची पिशवी घालून एक ते दोन दिवस झाकून ठेवायचं. शेतकऱ्याला पाला आणताना जी पिशवी नको म्हटलं, तीच इथे लागते. बीजाणूला अंकुर फुटून तंतू पानात शिरेपर्यंत पान ओलं राहावं लागतं. मध्येच सुकलं तर अंकुर तिथेच मरतो आणि प्रयोग ‘बुरशी निर्दोष’ असा खोटा निकाल देतो. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये एकदा झड लागली की पानं दिवसच्या दिवस ओली राहतात, तेव्हा शेतात हे काम पाऊसच करतो.

पिशव्या काढल्यानंतर रोज पाहायचं. मोठ्या बीजाणूंच्या गटात तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालच्या पानांवर गडद टिंबं येतात. आठवडा उलटताना ती वाढतात, आत वलयं उमटतात, कडेने पिवळेपणा येतो. सुरुवातीला लिहून ठेवलेलं वर्णन आता बाहेर काढायचं आणि शेजारी ठेवायचं. लहान बीजाणूंच्या गटात बहुधा काही होत नाही, किंवा तळाच्या म्हाताऱ्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येऊन तिथेच थांबतात. पाण्याच्या गटाने स्वच्छ राहायला हवं. त्याच्यावरही वलयांचे डाग आले तर बाकी सगळं कितीही सुंदर दिसो, प्रयोग रद्द. एकतर रोपं आधीच रोगट होती, किंवा फवारणीचे तुषार एका गटावरून दुसऱ्यावर उडाले.

जागा किंवा वेळ नसेल तेव्हा पुष्कळजण रोपाऐवजी तोडलेलं पान घेतात, त्याला टाचणीने टोचतात आणि जखमेवर बुरशीच्या वाढीचा ठोकळा ठेवतात. यात अल्टरनेटाही छान डाग पाडून दाखवते. तोडलेलं पान रोज म्हातारं होत असतं, टोचल्यामुळे दार उघडं झालेलं असतं आणि ठोकळ्यासोबत साखरही आयती मिळते. अशा प्रयोगावरून तिला टोमॅटोची रोगकारक ठरवलेलं वाचलं की माझा विश्वास बसत नाही, निदान न टोचलेल्या, रोपावरच्या पानावर तो रोग दाखवेपर्यंत. जखम करायचीच असेल तर तुलनेच्या पानालाही जखम करून त्यावर कोऱ्या आगरचा ठोकळा ठेवायला हवा. हेही म्हणायला हवं, की अल्टरनेटा सगळीकडे निरुपद्रवी नसते. तिचेच काही वंश विशिष्ट विष तयार करतात. टोमॅटोच्या काही वाणांत त्या विषामुळे खोडावर चट्टे येतात. म्हणून नुसत्या नावावरून दोषी किंवा निर्दोष ठरवायचं नाही, आपल्या हातातल्या वंशाची परीक्षा घ्यायची.

चौथी अट पुष्कळदा उरकल्यासारखी केली जाते. नव्या डागाच्या सीमेवरून पुन्हा तुकडे कापायचे, पुन्हा ब्लीच, पुन्हा ताटली, आणि निघालेली बुरशी मूळ शुद्ध वाढीच्या शेजारी ठेवायची. करडा रंग, खाली तांबूस झाक, बीजाणूंची लांबी आणि चोच, सगळं जुळलं पाहिजे. आता डीएनएचा एखादा ठरावीक भाग वाचूनही ताडतात. बुरशांसाठी आयटीएस हा भाग सर्रास वापरतात, पण अल्टरनेरियाच्या जवळच्या जाती त्यावरून नीट वेगळ्या ओळखता येत नाहीत. दुसरी जनुकंही वाचावी लागतात. शिवाय पाण्याच्या गटातल्या निरोगी पानांचेही तुकडे त्याच रीतीने लावायचे. त्यातून मोठ्या बीजाणूंची बुरशी निघायला नको. लहान बीजाणूंची निघाली तर आश्चर्य नाही. ती तिथे होती, आणि तरीही डाग नव्हता. पहिल्या ताटलीतली तिची गर्दी आता उलगडते.

या सगळ्याला धरून चाललं तर महिना-दीड महिना सहज जातो. शिरोळच्या मामांना तेवढं थांबवता येत नाही. त्यांच्यासाठी चिकटपट्टीवर दिसलेले लांब चोचीचे बीजाणू आणि वलयांचे डाग पुरेसे असतात, कारण हा रोग ओळखीचा आहे आणि त्याचा पुरावा जगभर अनेकदा दिला गेला आहे. पूर्ण परीक्षा हवी असते ती नवं पीक, नवे डाग किंवा ताटलीत अनोळखी बुरशी असेल तेव्हा. आणि त्या परीक्षेसाठी जपून ठेवलेली बुरशीही फार दिवस विसंबून राहण्यासारखी नसते. गोड आगरवर पिढ्यान्‌पिढ्या हलवत राहिलं की पुष्कळ बुरशा बीजाणू कमी देऊ लागतात आणि झाडावरचा त्यांचा जोरही ओसरतो. म्हणून वेगळी केल्यावर लवकरात लवकर लागण करून पाहायची, आणि काही नळ्या सुरुवातीलाच फ्रीजमध्ये बाजूला ठेवायच्या.

ही सगळी पद्धत आगरवर वाढणाऱ्या बुरशीसाठी आहे. आपल्याच भागात सोयाबीनवर येणारा तांबेरा तिथे वाढतच नाही. कोल्हापूर-सांगलीच्या दमट पट्ट्यात तो ओळखीचा आहे. फाकोप्सोरा पॅकिरायझी ही त्याची बुरशी जिवंत पानातूनच अन्न घेते. बटाट्याचं पाणी आणि साखर तिच्या काही कामाची नाही. तांबेऱ्याच्या पानाचे तुकडे ब्लीच करून ताटलीत लावले तर अल्टरनेरिया, फ्युझेरियम, आणखी कुणीही निघेल, फक्त तांबेरा निघणार नाही. अशा ठिकाणी ‘शुद्ध वाढ’ पानावरच करावी लागते. एकाच फोडातले बीजाणू ब्रशच्या टोकाने उचलायचे, निरोगी सोयाबीनच्या पानाच्या खालच्या बाजूला लावायचे आणि पान निदान सहा तास, शक्यतो रात्रभर, ओलं ठेवायचं. पहिले ठिपके आठवड्याभरात आणि बीजाणू सोडणारे फोड त्यानंतर काही दिवसांनी येतात. त्यातल्या एका फोडापासून पुन्हा नवं पान, असं दोन-तीनदा केलं की एका फोडाची संतती हाती येते. तीच मग नव्या रोपांवर, पाण्याच्या गटाशेजारी, फवारून पाहायची. त्यात ताटली कुठेच येत नाही, बीजाणूही लवकर मरतात, त्यामुळे निरोगी सोयाबीनची नवी रोपं सतत तयार ठेवावी लागतात.